‘एकावर एक मोफत’ चष्म्याची खरी किंमत कशी काढावी?

स. न. वि. वि.
माझे वय 48 आहे. दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर उणे 1.75 आणि जवळची वाढ 2.00 असून मी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचे, मधले आणि जवळचे दिसेल असा चष्मा वापरतो. इथल्या एका मोठ्या दुकानात ‘एकावर एक मोफत’ योजना आहे. 3,000 रुपयांची फ्रेम आणि 7,500 रुपयांच्या प्रोग्रेसिव्ह काचा घेतल्या, तर तेवढ्याच किमतीपर्यंतची दुसरी फ्रेम साध्या एकनंबरी काचांसह मोफत. दुसऱ्यालाही प्रोग्रेसिव्ह काचा हव्या असतील तर 3,500 रुपये जादा. तो चष्मा माझ्या नववीतल्या मुलीला (नंबर उणे 5.50) घेतला तर पातळ काचांचे 1,800 रुपये जादा. योजना नको असेल आणि एकच चष्मा घेतला, तर एकूण रकमेवर 30 टक्के सूट. आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्यांनी माझ्या चष्म्याचे 6,600 आणि मुलीच्या चष्म्याचे 3,100 रुपये सांगितले आहेत. योजना घ्यावी का? कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, डोंबिवली

सप्रेम नमस्कार.

आपण सगळे आकडे व्यवस्थित लिहून पाठवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. विशेषतः ‘एकच घेतला तर 30 टक्के सूट’ हे वाक्य आपण वगळले नाही, हे फार चांगले झाले, कारण मोफत म्हणून सांगितलेल्या चष्म्याची किंमत त्याच वाक्यात दडलेली आहे. दुकानात या वाक्याची पाटी सहसा लावलेली नसते आणि ते विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

पहिल्या चष्म्याची छापील बेरीज 10,500 रुपये होते. तोच चष्मा, त्याच दुकानात, तुम्ही एकटाच घेतला तर 30 टक्के वजा जाऊन 7,350 रुपयांना मिळतो. म्हणजे योजनेत तुम्ही 3,150 रुपये अधिक देता आणि त्या बदल्यात दुसरा चष्मा घेता. तेव्हा दुसरा चष्मा मोफत नाही, त्याची किंमत 3,150 रुपये आहे, आणि तीही साध्या काचांसह. कोणत्याही दुकानातली अशी योजना तपासताना हाच हिशेब करावा: योजनेतले एकूण बिल काढावे, त्यातून तोच एक चष्मा कमीत कमी जेवढ्याला मिळू शकतो ती रक्कम वजा करावी, आणि उरलेल्या रकमेला दुसरा चष्मा घेण्याजोगा आहे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. फ्रेमवर छापलेल्या किमतीशी तुलना करून काही हाती लागत नाही. छापील किंमत म्हणजे ज्याहून अधिक घेता येत नाही अशी मर्यादा. ती वस्तूचा बाजारभाव सांगत नाही. त्यातून दुकानाच्या स्वतःच्या नाममुद्रेची फ्रेम असेल तर ती किंमत ठरवणारे आणि त्यावर सूट देणारे हात एकच असतात, त्यामुळे सुटीची टक्केवारी हवी तेवढी मोठी दाखवता येते.

आता हा हिशेब आपल्या घरच्या दोन गरजांना लावून पाहू. दुसरा चष्मा मुलीसाठी घेतला, तर तिच्या चष्म्याचे 3,150 अधिक 1,800 असे 4,950 रुपये होतात आणि दोघांचे मिळून बिल 12,300 रुपये होते. नेहमीच्या चष्मेवाल्यांकडे हेच दोन चष्मे 9,700 रुपयांत होत आहेत. योजनेत 2,600 रुपये जास्त जातात. दोन्ही चष्मे आपण स्वतःसाठी प्रोग्रेसिव्ह घेतले, तर योजनेतले बिल 14,000 आणि नेहमीच्या दुकानातले 13,200 होईल. इथे फरक 800 रुपयांवर आला आहे, आणि एवढ्या फरकात काचांचा दर्जा कोणता, हमी कोणती, या गोष्टी निर्णय फिरवू शकतात. योजनेतल्या दुसऱ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याचे 3,150 अधिक 3,500 असे 6,650 रुपये पडतात आणि तेवढ्यात नेहमीचे चष्मेवाले अख्खा नवा चष्मा देत आहेत, हेही लक्षात घ्यावे.

उरला तिसरा पर्याय, म्हणजे दुसरा चष्मा साध्या काचांचाच घेणे. हा सर्वांत स्वस्त वाटतो आणि बहुतेक लोक तोच घेतात. ‘एक वाचायला राहील’ असे काउंटरवर सुचवले जाते. आपल्या नंबराच्या बाबतीत मात्र हे सुचवणे जवळजवळ निरर्थक आहे. लांबचा नंबर उणे 1.75 आणि त्यात जवळची वाढ 2.00 मिळवली की वाचनाचा नंबर अधिक 0.25 येतो. तिरपा नंबर, ज्याला सिलिंडर म्हणतात, तो नसेल किंवा अगदी थोडा असेल, तर चष्मा काढून ठेवल्यावरही आपल्याला वर्तमानपत्र जवळपास तितकेच स्पष्ट वाचता येत असणार. रात्री अंथरुणावर आपण चष्मा कपाळावर सरकवून वाचत असाल, तर त्याचे कारण हेच. अशा माणसाने 3,150 रुपये देऊन वाचायचा चष्मा घेणे म्हणजे जवळजवळ बिनानंबराची काच विकत घेणे होय.

याच साध्या काचांचा उपयोग दुसऱ्या दोन प्रकारे मात्र होऊ शकतो. आपले काम दिवसभर संगणकासमोर असेल, तर पडद्याच्या अंतरासाठी वाढीचा साधारण अर्धा भाग लागतो, म्हणजे आपला संगणकाचा नंबर उणे 0.75 च्या आसपास येईल. प्रोग्रेसिव्ह काचेत मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते आणि पडदा नीट दिसावा म्हणून हनुवटी उचलून मान मागे टाकावी लागते. दिवसाचे सहा-सात तास तसे बसणाऱ्याला हा एकनंबरी चष्मा खरा आराम देतो. दुसरा उपयोग म्हणजे उणे 1.75 नंबराचा, रंगीत काचांचा, उन्हात दुचाकी चालवताना वापरायचा चष्मा. मात्र काच रंगवण्याचे पैसे योजनेत वेगळे लावतात का, हे आधी विचारावे. नंबर तपासणाऱ्याकडून संगणकाचा नंबर प्रत्यक्ष अंतर मोजून घ्यावा; मी वर दिलेला आकडा हिशेब समजावा म्हणून दिलेला आहे.

मुलीच्या चष्म्याबद्दल मला आपणास थोडे आग्रहानेच सांगायचे आहे, कारण अशा योजनांत मुलांचे नंबर ‘दुसरा चष्मा’ म्हणून बसवून टाकले जातात आणि तिथे नुकसान केवळ पैशांचे नसते. उणे 5.50 नंबराची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. ही जाडी कमी करण्यासाठी दुकानात पातळ काचा, म्हणजे जास्त इंडेक्सच्या काचा सुचवतात आणि त्यांचे पैसे घेतात. पण जाडी ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे: फ्रेमचा आकार. बुबुळाच्या मध्यापासून काचेच्या सर्वांत लांबच्या कडेपर्यंतचे अंतर 30 मिलिमीटर असेल, तर या नंबरात साध्या 1.50 इंडेक्सच्या काचेची कड मध्यापेक्षा सुमारे 5 मिलिमीटरने जाड भरते. त्याच फ्रेममध्ये 1.60 इंडेक्सची काच घातली तर हा फरक सुमारे 4 मिलिमीटर होतो. आणि फ्रेम लहान घेऊन ते अंतर 25 मिलिमीटरवर आणले, तर साधी 1.50 ची काचसुद्धा सुमारे साडेतीन मिलिमीटरवर येते. म्हणजे मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षा लहान फ्रेममधली साधी काच पातळ ठरते. किशोरवयीन मुलीच्या दोन बुबुळांमधले अंतर मोठ्या माणसापेक्षा बहुधा कमी असते, त्यामुळे मोठ्यांच्या मापाची फ्रेम तिला दिली की काचेचा मध्य नाकाकडे सरकवावा लागतो आणि कानाकडची कड आणखी जाड होते.

योजनेतल्या फ्रेमा वेगळ्या फळीवर ठेवलेल्या असतात आणि मर्यादित असतात. त्यांत मुलीच्या चेहऱ्याच्या मापाची, लहान, गोलसर फ्रेम आहे का, हे तिला सोबत नेऊन पाहावे. नसेल, तर 1,800 रुपयांच्या पातळ काचा घेऊनही चष्मा जड आणि जाडच दिसेल. आणि काच साध्या 1.50 ची घ्यावी असे मी सुचवत नाही; शाळकरी मुलांना आघात सोसणारी पॉलिकार्बोनेटची किंवा 1.60 ची काच द्यावी, कारण खेळताना चेंडू लागला तरी ती सहजासहजी फुटत नाही.

दुसरे असे की या वयात उणे नंबर अजून वाढत असतो. नववीतल्या मुलीचा नंबर दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासावा लागतो, आणि एवढ्या नंबरात बुबुळ मोठे करणारे थेंब घालून आतला पडदाही पाहावा लागतो, जे चष्म्याच्या दुकानातल्या मोफत तपासणीत होत नाही. नंबर वेगाने वाढतो आहे असे दिसले, तर डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा नंबर वाढण्याचा वेग मंद करणाऱ्या खास काचा सुचवू शकतात. अशा काचा ‘एकावर एक’ योजनेत सहसा नसतात. म्हणून आधी तपासणी आणि मग खरेदी, हा क्रम मुलीच्या बाबतीत मोडू नये. योजनेची मुदत रविवारी संपते म्हणून जुन्या नंबराची चिठ्ठी घेऊन चष्मा करू नये. याच कारणाने वाढत्या नंबराच्या मुलांना एकाच नंबराचे दोन नवे चष्मे एकदम घेण्यात फारसा अर्थ नाही. दोन्ही एकाच दिवशी जुने होतात. आधीचा चष्मा अर्ध्या नंबरापेक्षा जास्त मागे नसेल, तर तोच अडीअडचणीला पुरतो.

आता काचांच्या दर्जाकडे येतो. 7,500 रुपयांच्या आणि नेहमीच्या दुकानातल्या प्रोग्रेसिव्ह काचा एकाच दर्जाच्या आहेत असे आतापर्यंत मी गृहीत धरले. ते खरे आहे का, हे आपल्याला काढून घ्यावे लागेल. ‘प्रोग्रेसिव्ह’ हे एका वस्तूचे नाव नाही. एकाच कंपनीच्या प्रोग्रेसिव्ह काचांत चार-पाच पायऱ्या असतात. वरच्या पायरीला वाचनाचा आणि मधल्या अंतराचा भाग रुंद असतो आणि कडेला दिसणारे डोलणे कमी असते. दोन्ही दुकानांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: काच बनवणारी कंपनी, त्या रचनेचे नाव, इंडेक्स आणि वरचा लेप. त्याशिवाय 7,500 आणि दुसऱ्या दुकानातला आकडा यांची तुलना होऊच शकत नाही. हाच प्रश्न 3,500 रुपये भरून मिळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रेसिव्ह काचांबद्दलही विचारावा, कारण ‘त्याच’ काचा मिळतील असे पत्रातल्या शब्दांत कुठेही म्हटलेले नाही. दुसऱ्याला खालच्या पायरीची रचना देणे योजनेच्या नियमांत बसत असू शकते; ग्राहकाला ते आधी कळले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘ब्ल्यू कट’ लेप जोडीला फुकट आहे असे सांगून योजनेची किंमत वाढवून दाखवली जाते. पडद्याकडे पाहून डोळे थकण्यावर अशा काचांचा काही फायदा होतो का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केला आणि साध्या काचांच्या तुलनेत अल्प काळात तरी फरक पडत नसावा, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून हिशेबात या लेपाची किंमत शून्य धरावी. डबी, पुसायचे कापड आणि फवाऱ्याची बाटली यांचीही तीच गत. परावर्तन कमी करणारा लेप, ज्याला आपल्याकडे अँटी-ग्लेअर म्हणतात, तो मात्र खरोखर उपयोगी आहे. दुसऱ्या चष्म्याच्या ‘साध्या’ काचांना तो आहे की नाही, हे जरूर विचारावे.

दोन्ही चष्मे प्रोग्रेसिव्ह घेण्याचे ठरलेच, तर मापाची एक गोष्ट स्वतः पाहावी. प्रोग्रेसिव्ह काच बसवण्यासाठी दोन मापे लागतात: प्रत्येक बुबुळाचे नाकाच्या मध्यापासूनचे अंतर, आणि बुबुळापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. पहिले माप माणसाचे असते, पण दुसरे त्या विशिष्ट फ्रेमचे. ती उंची फ्रेमगणिक बदलते. म्हणून दोन्ही फ्रेमा तुमच्या नाकावर नीट बसवून, काड्या आणि नोजपॅड जुळवून, मग दोन्हींच्या नमुना काचेवर पेनाने बुबुळासमोर ठिपके दिले गेले पाहिजेत. एकाच फ्रेमवर ठिपके देऊन दोन्ही चष्मे तयार केले, तर दुसऱ्यात वाचनाचा भाग खाली किंवा वर जाईल आणि ‘हा चष्मा काही जमत नाही’ म्हणून तो कपाटात पडून राहील. रचनेनुसार ही उंची कमीत कमी 14 ते 18 मिलिमीटर असावी लागते. योजनेतल्या फळीवर फक्त अरुंद, बसक्या फ्रेमा असतील, तर वाचनाचा भागच कापला जातो.

काचांवर आणि फ्रेमवर कर किती, हा प्रश्न तुलनेत गोंधळ घालतो, म्हणून सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबराच्या चष्म्यावर, त्याच्या काचांवर आणि फ्रेमवर 5 टक्के जीएसटी आहे. बिनानंबराच्या उन्हाच्या चष्म्याला हा कमी दर लागू नाही. दोन्ही दुकानांचे आकडे करासहित आहेत याची खात्री करूनच ते एकमेकांशेजारी मांडावेत. योजनेत भाग घ्यायला सदस्यत्वाचे शुल्क असेल, तर तेही बिलात मिळवावे.

कायद्याचे थोडे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार एखाद्या वस्तूची किंमत एकूण रकमेत पूर्णतः किंवा अंशतः धरलेली असताना ती फुकट दिली जात असल्याचा समज करून देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जे मार्गदर्शक नियम केले, त्यांतही ‘मोफत’ या दाव्याबद्दल स्वतंत्र कलम आहे. आपल्या प्रसंगात दुकानाने दोन्ही पर्याय तोंडी सांगितले आहेत, त्यामुळे तक्रारीचे कारण मला दिसत नाही. पण जाहिरातीत ‘मोफत’ आणि काउंटरवर ‘काचांचे वेगळे’ असा प्रकार कोणाच्या वाट्याला आला, तर जाहिरातीचे छायाचित्र आणि बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

माझे मत विचाराल तर असे. मुलीचा चष्मा या योजनेतून पूर्ण बाजूला काढावा. तिची तपासणी करून घ्यावी आणि तिच्या मापाची फ्रेम नेहमीच्या चष्मेवाल्यांकडे बघावी. आपला स्वतःचा एकच प्रोग्रेसिव्ह चष्मा हवा असेल, तर 7,350 आणि 6,600 या दोन आकड्यांची तुलना काचांच्या रचनेचे नाव हाती आल्यावर करावी. मोठ्या दुकानातली रचना वरच्या पायरीची निघाली, तर 750 रुपये जास्त देणे योग्य ठरू शकते. आपले काम संगणकावरचे असेल आणि त्या नंबराचा अँटी-ग्लेअर चष्मा जादा पैसे न घेता ते देत असतील, तरच योजनेचा विचार करावा, आणि तेव्हाही तसा एकनंबरी चष्मा बाहेर कितीला पडतो हे विचारून यावे. नेहमीच्या दुकानाशी तुलना केली तर योजनेतल्या त्या दुसऱ्या चष्म्याचे 10,500 वजा 6,600 म्हणजे 3,900 रुपये पडतात. घरात साधा, तीनच्या आतला, स्थिर नंबर असलेल्या आणि एक चष्मा कार्यालयात, एक घरी ठेवणाऱ्या माणसाला मात्र अशा योजना खरोखर परवडतात. वरची वजाबाकी केली की तिथे दुसऱ्या चष्म्याची किंमत पुष्कळदा खूपच कमी निघते.

कोणताही निर्णय घेतला, तरी चष्मा ताब्यात घेताना तो दुकानातच तपासावा. अँटी-ग्लेअर लेप पाहण्यासाठी काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे: लेप असेल तर ते फिकट हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसते, नसेल तर पांढरे आणि ठळक दिसते. दोन्ही चष्मे शेजारी धरले की फरक लगेच कळतो. प्रोग्रेसिव्ह काचेवर हलका श्वास सोडून ती उजेडासमोर तिरपी धरावी. दोन बाजूंना एकमेकांपासून 34 मिलिमीटरवर कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतील. कानाकडच्या खुणेखाली वाढीचा आकडा असतो, आपल्या काचेत तो 20 किंवा 2.00 असा असेल, आणि नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचे किंवा रचनेचे चिन्ह असते. दोन चष्म्यांवर ही चिन्हे वेगळी असतील, तर रचनाही वेगळ्या आहेत असे समजावे. काच ज्या पाकिटातून आली ते पाकीट किंवा कंपनीचे कार्ड मागून घ्यावे, आणि न जमल्यास काच बदलून देण्याची मुदत व लेपाची हमी दुसऱ्या चष्म्यालाही लागू आहे, असे बिलावर लिहून घेतल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये.